'No SIM' आणि 'SIM Not Supported': एकच सिम दोन फोनांत का चालत नाही?

प्रश्न: मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. माझ्या दोन सिमच्या अँड्रॉइड फोनमध्ये पहिलं सिम कधी दिसतं, कधी No SIM card येतं. रीस्टार्ट केलं की थोडा वेळ चालतं. नवी पेठेतल्या एका दुकानात बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. खात्री करायला तेच सिम मावसभावाने अमेरिकेतून आणलेल्या आयफोनमध्ये घातलं, तर तिथे SIM Not Supported आलं. दोन्ही फोन नाकारतात म्हणजे सिमच गेलंय का? नवीन सिम घेऊ की फोन दुरुस्तीला टाकू?

उत्तर: सिम जवळजवळ नक्की चांगलं आहे, आणि त्याचा पुरावा तुम्हाला त्या आयफोननेच दिला आहे. SIM Not Supported हे वाक्य फोन तेव्हाच दाखवतो जेव्हा त्याने कार्ड वाचलेलं असतं, ते कोणत्या कंपनीचं आहे हे त्याला कळलेलं असतं, आणि मग ते चालवायला तो नकार देतो. मेलेलं कार्ड घातलं असतं तर तिथेही No SIM आलं असतं. म्हणजे तुमच्यासमोर एक बिघाड नाही, दोन फोनांच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली जोडणीची, दुसरी लॉकची, म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमशी बांधलेला असण्याची. सिम दोन्हींत सारखं असल्यामुळे संशय त्याच्यावर गेला, एवढंच.

हे पटवून घ्यायचं असेल तर आयफोनमध्ये सिम असतानाच Settings, मग General, मग About उघडा आणि खाली ICCID शोधा. फोन अजून सुरुवातीच्या स्क्रीनवरच अडकला असेल तर तिथल्या गोलातल्या छोट्या i वर बोट ठेवा. ICCID हा सिमच्या चिपमध्ये लिहिलेला तिचा स्वतःचा क्रमांक असतो. भारतीय सिमचा हा क्रमांक 8991 ने सुरू होतो: 89 म्हणजे दूरसंचार, 91 म्हणजे भारत. तो आकडा तिथे दिसला याचा अर्थ चिप जिवंत आहे आणि बोलते आहे.

आता फोन आणि सिम यांच्यात काय घडतं ते थोडक्यात बघू, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळेल. ट्रे पूर्ण आत गेला की त्याचं टोक आतली एक बारीक कळ दाबतं. बहुतेक फोनांत ही कळ दाबली गेल्यावरच फोन सिमकडे लक्ष देतो. मग तो सिमला वीज देतो, बहुधा आधी 1.8 व्होल्ट आणि उत्तर आलं नाही तर 3 व्होल्ट, आणि रीसेटचा इशारा करतो. चिप लगेच काही बाइट्सचं उत्तर पाठवते. सोनेरी पट्टीवर सहा किंवा आठ चौकटी दिसत असल्या तरी या संवादाला पाचच लागतात: वीज, ग्राउंड, रीसेट, घड्याळाचा ठोका आणि माहितीची ये-जा. पाचांतला एक जरी फोनच्या आतल्या पिनेला टेकला नाही तरी उत्तर येत नाही आणि पडद्यावर No SIM उमटतं. उत्तर आलं की पुढच्या पायऱ्या: सिमला पिन कोड लावलेला आहे का, फोनला लॉक आहे का, आणि शेवटी टॉवरकडून नेटवर्क हे सिम स्वीकारतं का. अडचण कुठल्या पायरीवर आहे त्याप्रमाणे संदेश बदलतो. म्हणून पडद्यावरचे शब्द नीट, अक्षर न अक्षर वाचायचे. दुकानात "सिम दाखवत नाही" एवढंच सांगितलं की दुरुस्ती अंदाजाने सुरू होते.

तुमच्या अँड्रॉइडपासून सुरू करतो.

सिम कधी दिसतं, कधी नाही, आणि रीस्टार्टने परत येतं. हे लक्षण आधी ढिल्या संपर्काकडे बोट दाखवतं. संपर्क क्षणभर तुटला तरी फोन कार्ड काढलं असं धरतो, आणि बरेच फोन पुन्हा स्वतःहून विचारायला जात नाहीत. त्यामुळे अर्ध्या सेकंदाची खोट तासभर No SIM म्हणून दिसत राहते, आणि रीस्टार्टने जादू झाल्यासारखी नाहीशी होते. टॉवेलच्या लूमजवळ हवेत कापसाचे अतिशय बारीक तंतू सतत तरंगत असतात. ते ट्रेच्या फटीतून आत जातात, आणि ट्रे काढून परत ढकलला की पिनांखाली दाबले जातात. त्यात खिशातला घाम. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, फोन दिवसभर शर्टाच्या खिशात असतो, आणि घाम सुकला की मागे क्षाराचा पातळ थर राहतो. तंतू पिनेला उचलून धरतात आणि क्षार विजेला अडवतो. बोर्डाला अजून हात लावायचं कारण नाही.

आधी जागाबदल करून बघा, कारण त्याने निम्मं कोडं सुटतं. फोन बंद करा, ट्रे काढा, पहिल्या जागेचं सिम दुसऱ्या जागी घाला, दुसरं पहिल्या जागी, आणि फोन चालू करून दिवसभर वापरा. तक्रार सिमबरोबर दुसऱ्या जागी गेली तर सिमची पट्टी मळलेली किंवा झिजलेली आहे. तक्रार पहिल्या जागेलाच चिकटून राहिली, म्हणजे तिथे घातलेलं दुसरं सिमही गायब व्हायला लागलं, तर ट्रे किंवा त्या जागेच्या पिना बघायच्या. दोन्ही सिम एकाच वेळी जातात आणि एकाच वेळी येतात असं दिसलं, तर मात्र प्रकरण वेगळं आहे, त्याकडे खाली येतो. ट्रेची दुसरी जागा मेमरी कार्डाशी वाटून घेतलेली असेल तर चाचणीपुरतं कार्ड बाजूला ठेवा.

हा बदल करण्याआधी एक गोष्ट दोन मिनिटांत उरकून घ्या: सेटिंग्जमध्ये सिमच्या यादीत ते सिम बंद तर केलेलं नाही ना, आणि विमान मोड चालू नाही ना. दोन सिमच्या फोनांत एक सिम चुकून बंद होणं वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. नेटवर्क सेटिंग रीसेट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जाऊ शकतात, आणि न टेकणारी पिन त्याने टेकत नाही. तुमच्या लक्षणाला त्याचा उपयोग नाही.

आता सफाई. फोन पूर्ण बंद करा आणि ट्रे काढा. काडी ट्रेच्याच भोकात जाते याची खात्री करा. शेजारचं तसंच दिसणारं भोक माइकचं असतं आणि त्यात काडी खुपसली की माइक फुटतो. सिम बाहेर काढून सोनेरी पट्टी उजेडात तिरकी धरा. काळपट डाग किंवा धुरकट थर असेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने चार-पाच वेळा एकाच दिशेने पुसा आणि भुगा पूर्ण झटका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाईलच्या सुट्या भागांच्या दुकानात ते आयपीए म्हणून मिळतं, 99 टक्क्यांचं घ्या. दोन-तीन थेंब चष्म्याच्या कापडावर घेऊन पट्टी पुसा. ट्रे दोन्ही बाजूंनी पुसा, कडांच्या खाचांत बसलेले तंतू लाकडी टूथपिकने काढा.

खरी काळजी ट्रे ज्यात जातो त्या खणात लागते. आत स्प्रिंगसारख्या वर उचललेल्या बारीक पिना असतात, एका सिमसाठी सहा किंवा आठ. इअरबड, सुई, टाचणी आत घालू नका. कापूस पिनेत अडकतो, आणि ओढताना पिन वाकते. फोनचं तोंड खाली करून रबरी हातब्लोअरने आठ-दहा वेळा हवा मारा. तोंडाने फुंकलं तर वाफ आणि थुंकीचे कण आत जातात, ते टाळा. तंतू चिकटून बसले असतील तर अगदी मऊ, पातळ ब्रश आयपीएत बुडवून झटकून घ्या आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, एकदाच हलकेच ओढा. नंतर दहा मिनिटं तसंच राहू द्या, आणि मगच ट्रे घाला. पेट्रोल, थिनर, सेंट किंवा हाताचं सॅनिटायझर वापरू नका. पेट्रोल-थिनर प्लॅस्टिकला खातात, सॅनिटायझरमधलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं आणि मग धूळ अजून घट्ट बसते.

ट्रे परत घालताना तो शेवटपर्यंत, फोनच्या कडेशी सपाट बसतो का ते बोटाने चाचपून बघा. बाजारातला परका ट्रे रंगाने जुळतो पण लांबीने थोडा कमी भरतो, किंवा मूळ ट्रेच वाकलेला असतो. मग आतली कळ अर्धवटच दाबली जाते, आणि सिम, पिना सगळं ठीक असून फोन No SIM म्हणतो. परीक्षा सोपी आहे: ट्रे बोटाने आत दाबून धरल्यावर सिम आलं आणि सोडल्यावर गेलं, तर ट्रे बदला. त्याच मॉडेलचा मूळ ट्रे मागा.

सिम कापून नॅनो केलेलं असेल तर तेही इथेच तपासा. नॅनो सिम 12.3 बाय 8.8 मिलिमीटर असतं आणि 0.67 मिलिमीटर जाड. जुनी मोठी सिमं 0.76 मिलिमीटर जाड होती. कात्रीने आकार बरोबर आला तरी जाडी तशीच राहते, ते कार्ड पिनांना कायम जास्त दाबतं, आणि काही महिन्यांनी पिनांची उसळी मरते. तुमचा नंबर जुना असेल आणि सिम कापलेलं असेल तर कंपनीच्या अधिकृत दुकानातून त्याच नंबरचं नवीन नॅनो सिम घेणं योग्य ठरेल. नंबर तोच राहतो. स्वतः ओळखपत्र घेऊन जा, कुणाच्या हाती काम सोपवू नका. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास बँकेचे ओटीपी येत नाहीत हे धरूनच दिवस निवडा, पगाराच्या दिवशी हे काम काढू नका.

सफाईनंतरही पहिलीच जागा त्रास देत असेल तर पिना बघायच्या. भिंग आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघा: सगळ्या पिना एका उंचीवर हव्यात. एखादी खाली बसलेली, तिरकी किंवा गायब दिसली तर ती खणाची दुरुस्ती आहे. दुकानात "सिम सॉकेट बदला" असं सांगा. काही फोनांत सॉकेट छोट्या वेगळ्या पट्टीवर असतं आणि काम सोपं असतं, काहींत मुख्य बोर्डावर झाळलेलं असतं आणि गरम हवेच्या यंत्राने काढावं लागतं. दोन्हींच्या मजुरीत बराच फरक असतो, म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये कुठला प्रकार आहे ते आधी विचारा.

"बोर्ड गेला" हे खरं कधी असतं, तेही सांगतो. डायलरवर हे टाका:

```
*#06#
```

दोन सिमच्या फोनात 15 अंकांचे दोन आयएमइआय, म्हणजे फोनचे ओळखक्रमांक, दिसायला हवेत. ते रिकामे आले, शून्यं आली किंवा null आलं, आणि सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत Baseband समोर Unknown लिहिलेलं असलं, तर फोनचा नेटवर्क सांभाळणारा भागच जागा होत नाही. अशा वेळी दोन्ही सिम एकदम जातात. पाणी गेलेल्या किंवा जोरात पडलेल्या फोनात हे होतं, क्वचित अर्धवट अपडेटनेही. तुमचं एकच सिम जातं आणि दोन्ही आयएमइआय दिसत असतील तर त्या दुकानाचं निदान मला मान्य नाही. सॉकेटची तपासणी न करता बोर्डाच्या कामाला होकार देऊ नका. आणि आयएमइआय पुन्हा लिहून देतो असं कुणी म्हणालं तर फोन परत घ्या. आयएमइआयमध्ये फेरफार हा दूरसंचार कायदा 2023 खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

No SIM आणि लॉक यांच्या मधली एक पायरी इथेच सांगून टाकतो, कारण Invalid SIM हा संदेश बहुतेक वेळा तिथे येतो. फोनने कार्ड वाचलं, टॉवरला कळवलं आणि नेटवर्कने नकार दिला. काही अँड्रॉइड फोनांत नकाराचा क्रमांकही दिसतो. SIM not provisioned MM#2 म्हणजे कंपनीच्या नोंदीत हे सिम नाही: नवीन सिम अजून सुरू झालं नाही, किंवा नंबर पोर्ट झाल्यामुळे जुनं सिम बंद झालं. SIM not allowed MM#3 म्हणजे नेटवर्कने सिमलाच नाकारलं. Phone not allowed MM#6 म्हणजे सिम ठीक आहे, फोन नाकारला आहे, जसं चोरीची तक्रार असलेल्या फोनाच्या बाबतीत होऊ शकतं. अशा नकारानंतर नियमाप्रमाणे फोन बंद होईपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत ते सिम अवैध धरतो, म्हणून नेटवर्कच्या बाजूने अडचण सुटली तरी एकदा रीस्टार्ट लागतो. नव्वद दिवस अजिबात न वापरलेलं सिमही कंपनी बंद करू शकते. प्रीपेडमध्ये किमान 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत तीस-तीस दिवसांनी वाढते.

आणि एक गंभीर गोष्ट. चालू असलेलं सिम अचानक कायमचं मेलं, दुसऱ्या फोनातही नेटवर्क येत नाही, आणि तुम्ही सिम बदलायला दिलेलंच नाही, तर तुमच्या नावावर कुणीतरी दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता आहे. त्या वेळी खोडरबर शोधत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेचं खातं गोठवा, 1930 वर तक्रार द्या, मग कंपनीला कळवा.

आता आयफोन. ट्रे असलेला अमेरिकी आयफोन आहे म्हणजे तो 13 किंवा त्याआधीच्या मालिकेतला, किंवा त्या वेळचा एसई असावा. 14 पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनांत सिमचा ट्रेच नव्हता. तिथे बरेच फोन हप्त्यांवर आणि एका कंपनीशी बांधून विकतात. About मध्येच Carrier Lock अशी ओळ असते, काही ठिकाणी Network Provider Lock. तिच्यासमोर No SIM restrictions असेल तर फोन मोकळा आहे. SIM locked असेल तर तुमचं कुठलंही भारतीय सिम त्यात चालणार नाही, ते कितीही पुसा, नवीन आणा किंवा कंपनी बदला. नवं सिम घेण्याचा खर्च इथे वाया जाईल.

आयफोनमध्ये लॉकचा कोड टाकायची सोय नसते. फोन मोकळा आहे की बांधलेला, हे ॲपलच्या सर्व्हरवर त्या आयएमइआयसमोर नोंदलेलं असतं, आणि ती नोंद बदलायला मूळ कंपनीने कळवावं लागतं. ॲपलचं सेवा केंद्र स्वतः हे करत नाही. काही परदेशी अँड्रॉइड फोन मात्र SIM network unlock PIN मागतात. तो सिमचा पिन नव्हे. अंदाजाने आकडे टाकत बसलं तर ठराविक प्रयत्नांनंतर ती सोयही बंद होते. सिमचा स्वतःचा पिन तीनदा चुकला की तो उघडायचा वेगळा कोड, पीयूके, मागितला जातो, आणि पीयूके दहादा चुकला की ते कार्ड कायमचं संपतं, नवीनच घ्यावं लागतं.

दुकानात तुम्हाला सिमला चिकटवायची एक पातळ चिप दाखवतील आणि तिने लॉक उघडतो म्हणतील. ती लॉक काढत नाही, फोनला सिम दुसऱ्याच कंपनीचं असल्याचं भासवते. आयओएसचं अपडेट आलं की बहुधा बंद पडते, आणि सिमची जाडी वाढवून त्या खणाच्या पिनाही बिघडवते. मी कुणालाही ती घ्यायला सांगणार नाही.

मावसभावाने करायचं ते असं. फोनचा आयएमइआय लिहून घ्या. फोन ज्या कंपनीचा आहे तिच्या अमेरिकी खात्यातून अनलॉकची विनंती करायची आहे. खातं ज्याच्या नावावर आहे त्यानेच केली तर सोपं जातं. कंपनी बघते की हप्ते फिटले आहेत का, ठरावीक मुदत फोन तिच्या नेटवर्कवर चालला आहे का, आणि हरवल्याची किंवा चोरीची नोंद तर नाही. हप्ते बाकी असतील तर ते भरल्याशिवाय पुढे काही होणार नाही. फोन त्याने कुणाकडून जुना विकत घेतला असेल, तर त्या माणसाशी आत्ताच बोला, कारण त्याचं खातं थकलं तर फोन इथे बसून मोकळा करता येत नाही. भारतात तो फोन काळ्या यादीत आहे का हे बघायला KYM, एक जागा सोडून 15 अंकी आयएमइआय असा एसएमएस 14422 वर पाठवा.

कंपनीकडून मंजुरीचा संदेश आला की फोन वायफायला जोडा, त्यात तुमचं सिम घाला आणि सेटअप पूर्ण करा. अजूनही तोच नकार आला तर आधी पूर्ण बॅकअप घ्या, फोनमधला सगळा डेटा पुसून तो नव्याने सुरू करा आणि त्या वेळी सिम आत ठेवा. सर्व्हरवरची नोंद फोनने पुन्हा वाचली की Carrier Lock समोरची ओळ बदलते. ती बदलल्यावरही नेटवर्क आलं नाही, तरच या फोनाच्या ट्रे आणि पिनांकडे वळा.